उपचार तेथे की येथे?

गोव्यातून आणि कोकणातून आखातात, बोटीवर किंवा विलायतेत नोकरीस जाण्याची प्रथा आता पिढ्यांची झाली आहे. पूर्वी पुरुष एकटा जाई आणि संसार गावी राही. आज नवराबायको दोघेही तेथेच नोकरी करतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने सुटणारे प्रश्न परमुलखातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दोघांनाच सोडवावे लागतात. मूल होण्यासाठी वैद्यकीय उपचार घ्यावयाचे झाल्यास ते नोकरीच्या देशात आरंभावेत की मायदेशी येऊन, हा अशांपैकीच एक प्रश्न. त्याची चर्चा बहुधा खर्चापाशी सुरू होते आणि खर्चापाशीच संपते. आमच्या मते या हिशेबातील निर्णायक गोष्ट वेगळीच आहे.

उदाहरणादाखल एक जोडपे कल्पू या. पती डिचोलीचा, पत्नीचे माहेर इंदूर जिल्ह्यातील देपालपूरचे, होळकरशाहीच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. दोघेही दुबईत नोकरीस. तिचे वय चौतीस. लग्नास चार वर्षे झाली. तपासणीत तिच्या दोन्ही गर्भनलिका बंद असल्याचे आढळले, बाकी दोघांचेही सर्व ठीक. अशा स्थितीत गोळ्याऔषधांनी भागत नाही; स्त्रीबीज शरीराबाहेर काढून तेथेच त्याचे फलन करण्याचा, म्हणजे ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा मार्ग उरतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली या पद्धतीने मूल जन्मास आले, तेव्हा ते नवल होते. आज इंदूर, पणजी वा दुबई कोठेही ही सोय आहे. देपालपुरास मात्र ती नाही. तेथून इंदूर चाळीसेक किलोमीटर. माहेरचा आधार हवा असेल तर मुक्काम इंदुरातच करावा लागेल, कारण उपचारात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते.

येथे उपचाराचा क्रम नीट समजून घेतला पाहिजे, कारण रजेचे सारे गणित त्यावर अवलंबून आहे. मासिक पाळीच्या दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी इंजेक्शने सुरू होतात आणि ती दहाबारा दिवस चालतात. बीजे पक्व झाली की शेवटचे इंजेक्शन देऊन सुमारे छत्तीस तासांनी ती काढून घेतात. प्रयोगशाळेत फलन होऊन भ्रूण पाच दिवस वाढतो. मग तो लगेच गर्भाशयात सोडतात किंवा गोठवून ठेवतात. लगेच सोडला, तर गर्भ राहिला की नाही हे कळावयास आणखी दहा ते चौदा दिवस जातात. गोठवला, तर पुढील एखाद्या पाळीत गर्भाशयाची तयारी करून रोपण करावयाचे. त्यास आणखी तीन आठवडे लागतात. म्हणजे महिन्याच्या रजेत ‘सगळे उरकून येऊ’ हा विचार मुळातच चुकीचा आहे. पाळीची तारीख विमानाच्या तिकिटाप्रमाणे येत नाही. आठ दिवस मागेपुढे झाले तरी रजा वाया जाते.

घाईने परतण्यात धोकाही आहे. या इंजेक्शनांमुळे काही स्त्रियांची अंडाशये प्रमाणाबाहेर सुजतात. बीजे काढल्यानंतर पोट फुगणे, दिवसात किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. अशा अवस्थेत विमानात बसण्याऐवजी इस्पितळ गाठले पाहिजे. म्हणूनच बीजे काढण्याच्या दुसऱ्याच दिवशीचे परतीचे तिकीट काढणे शहाणपणाचे नव्हे.

आता खर्च. दर इस्पितळागणिक बदलतात, तेव्हा पुढील रकमा केवळ अंदाजासाठी धराव्यात. दुबईत औषधांसह एका प्रयत्नास पंचवीस हजार दिरहॅम आणि पुढे गोठवलेल्या भ्रूणाच्या रोपणास आठ हजार लागले, तर दिरहॅमला चोवीस रुपये या दराने सुमारे आठ लाख रुपये होतात. इंदुरात हेच काम सव्वादोन लाख आणि साठ हजार, म्हणजे तीन लाखांच्या आत होते. अंतर पाच लाखांचे दिसते. पण पत्नीच्या दोन आणि पतीच्या एका खेपेचे विमानभाडे नव्वद हजार धरा. पत्नीचा पगार सहा हजार दिरहॅम असून तिला सहा आठवड्यांची बिनपगारी रजा घ्यावी लागली, तर आणखी सव्वादोन लाखांची तूट येते. मायदेशीचा खर्च सहा लाखांच्या घरात जातो आणि पाच लाखांचे अंतर दोन लाखांवर येते. पहिले रोपण फसले व दुसरे करावयाचे झाले, तर एका खेपेचे भाडे व तीन आठवड्यांची रजा जमेस धरता दोन्हीकडे जवळपास सारखेच पैसे पडतात. आणि दुसऱ्या रोपणाची शक्यता दूरची नाही. ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या आकड्यांप्रमाणे पस्तिशीच्या आतील स्त्रीलाही एका भ्रूणरोपणातून मूल होण्याचे प्रमाण तीनात एकाच्या आसपास आहे. त्रेचाळिशीनंतर ते वीसात एकावर येते.

तेव्हा खरा प्रश्न आहे तो शिल्लक भ्रूणांचा. एका प्रयत्नात समजा चार भ्रूण तयार झाले, एक सोडला आणि तीन गोठवले. हे तीन भ्रूण हीच त्या जोडप्याची पुढची आशा. ते जेथे आहेत तेथेच पुढचे रोपण व्हावयाचे. संयुक्त अरब अमिरातीत २००८ च्या कायद्याने भ्रूण गोठविण्यास मनाई होती. २०१९ च्या कायद्याने ती उठली. त्यामुळे दुबईत गोठविणे आता शक्य झाले. परंतु आखातातील वास्तव्य नोकरीवर टांगलेले असते. नोकरी सुटली की परवाना जातो, माणसे घरी येतात आणि भ्रूण तेथे राहतात. ते मायदेशी आणू म्हणावे, तर केंद्र सरकारने २०१५ साली संशोधनाखेरीज अन्य कारणासाठी मानवी भ्रूणांच्या आयातीस मनाई केली. उलट दिशेनेही वाट सोपी नाही. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायद्यान्वये स्वतःचे भ्रूण स्वतःच्या उपयोगासाठी देशाबाहेर नेण्यास राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. माणूस पारपत्र घेऊन फिरतो. भ्रूणाला ती मुभा नाही.

म्हणून आमचे मत असे की, जोडप्याने ‘स्वस्त कोठे?’ हे विचारण्याआधी ‘पुढील तीन वर्षे आपण कोठे असू?’ हे विचारावे. नोकरीचा करार पक्का असेल, तर महाग वाटले तरी दुबईत आरंभ करणे अनेकदा हिताचे, कारण सकाळी सोनोग्राफी करून कामावर जाता येते आणि प्रत्येक रोपणासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. करार संपत आला असेल, किंवा गावी परतण्याचा विचार असेल, तर भ्रूण मायदेशीच राहू द्यावेत. आपले कल्पित जोडपे वर्षभरात परतणार असेल, तर त्याने इंदूर किंवा गोवा निवडावे. पण मग पत्नीने दोन महिने सलग राहण्याची तयारी ठेवावी. पतीला तितकी रजा नसेल, तर त्याचे वीर्य आधी गोठवून ठेवता येते. संमतिपत्रावर मात्र दोघांच्याही सह्या लागतात.

एका परिस्थितीत निवडीस वावच राहत नाही. स्त्रीची स्वतःची बीजे उपयोगी पडत नसतील आणि दुसरीची घ्यावी लागत असतील, तर अमिरातीत त्यास परवानगी नाही. भारतात आहे, पण मर्यादेत: दाती तेवीस ते पस्तीस वयाची असावी, ती आयुष्यात एकदाच दान करू शकते आणि तिच्याकडून सातांहून अधिक बीजे घेता येत नाहीत. उपचार घेणाऱ्या स्त्रीस पन्नास आणि पुरुषास पंचावन्न ही वयाची सीमा आहे. कायद्याप्रमाणे केंद्रांचे दोन स्तर असून, बीज बाहेर काढून फलन करण्याची मुभा फक्त दुसऱ्या स्तरावर नोंदलेल्या केंद्रास असते. पैसे भरण्यापूर्वी ते नोंदणीपत्र पाहण्यास मागावे.

विलायतेस गेलेल्यांची समजूत निराळी असते. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला आहे, तेव्हा सरकारी इस्पितळात हा उपचार फुकट मिळेल असे त्यांस वाटते. ऑगस्ट २०१७ पासून इंग्लंडमध्ये केवळ अधिभार भरणाऱ्यांना ही सवलत नाही. कायम वास्तव्याचा हक्क मिळेपर्यंत खासगी इस्पितळाचाच रस्ता. त्या हक्काची पाच वर्षे वाट पाहणे तिशीतील स्त्रीस परवडेल. सदतिसाव्या वर्षी फुकट उपचारासाठी थांबणे हा सर्वांत महाग सौदा ठरतो.

आणखी एक सावधगिरी आमच्या तारवटी बांधवांसाठी. वर्षभर संबंध राहूनही गर्भ न राहिल्यास वंध्यत्व समजावे, अशी कायद्याची व्याख्या आहे. नवरा आठ महिने बोटीवर असेल, तर लग्नास तीन वर्षे होऊनही ते ‘वर्ष’ भरलेले नसते. अशांनी थेट टेस्ट ट्यूबच्या खर्चात न पडता आधी वीर्यतपासणी, गर्भनलिकांची तपासणी आणि अंडाशयातील बीजसाठ्याची रक्ततपासणी करून घ्यावी. पत्नी पस्तिशीपुढे असेल तर त्यात दिरंगाई नको. या तपासण्या एका सुट्टीत होतात आणि त्यांचे कागद कोणत्याही देशात दाखविता येतात.

सरकारकडेही काही मागणे आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली या उपचाराची विनामूल्य सोय झाली, हे भूषणावह आहे. पण सरकारी रांग आणि परदेशस्थाची रजा यांचा मेळ बसत नाही. तपासण्यांचे कागद आगाऊ स्वीकारून पाळीच्या तारखेनुसार वेळ देण्याची व्यवस्था तेथे व्हावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केंद्राने भ्रूणांच्या आयातीचा पुनर्विचार करावा. भ्रूणांचा बाजार रोखण्यासाठी बंदी हवी हे मान्य. पण जे भ्रूण पतिपत्नींचेच आहेत आणि पत्नीच्याच उदरी वाढावयाचे आहेत, त्यांना बाजाराच्या मापाने मोजणे न्याय्य नव्हे. बाहेर नेण्यास जशी मंडळाची परवानगी, तशीच आत आणण्यासही ठेवावी आणि तिला मुदत घालून द्यावी. नोकरी गेली म्हणून घरी परतणाऱ्या जोडप्यास आपली उरलेली आशा परमुलखातील शीतपेटीत सोडून यावे लागू नये.