योगासनांची चटई : वास, पकड आणि त्वचा

सांगलीतील एका परिचित व्यापारी बंधूंनी योगासनांसाठी रबराची चटई घेतली. पहिल्याच दिवशी खोलीत उग्र वास दरवळला आणि तिसऱ्या दिवशी कोपरांवर खाजरे पुरळ उठले. या दोन तक्रारींची कारणे भिन्न आहेत.

वास नव्या मालाचा असतो. चटई उलगडून तीन-चार दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवल्यास तो बहुधा ओसरतो. उन्हात मात्र ठेवू नये. रबर कडक होऊन तडकते.

पुरळ वाऱ्याने जात नाही. रबर पक्के करताना वापरलेली काही रसायने एखाद्याच्या त्वचेला सोसत नाहीत आणि खाज एक-दोन दिवसांनी उमटते. म्हणून पहिल्या दिवशी त्रास झाला नाही, एवढ्यावर विसंबू नये. रबरी फुगा वा हातमोजा लागताच ज्यांना खाज सुटते, त्यांनी नैसर्गिक रबर टाळावे. त्यांना टीपीईची चटई बरी. पीव्हीसी स्वस्त व टिकाऊ, पण घामाने निसरडी होते. दुकानातच किंचित ओला तळवा टेकून पुढे रेटून पाहावा.

जाडी चार ते सहा मिलिमीटर पुरते. त्याहून जाड चटई गुडघ्यांना मऊ वाटते, पण वृक्षासनात तोल डळमळतो. लांबी उंचीहून वीतभर अधिक असावी, म्हणजे शवासनात टाचा फरशीवर येत नाहीत.

त्या बंधूंनी चटई बदलली. पंधरवड्यात पुरळ निवळले.