आधी चतकोर, मग कॅल्क्युलेटर



मागच्या महिन्यात माझ्या अकरावीतल्या मुलीच्या गणिताच्या कागदावर लाल शेरा आला. दोष अर्थातच तिचा होता, पण निम्म्याहून अधिक माझाही होता, कारण आदल्या रात्री ती उत्तरं तपासून "बरोबर आहे, झोप आता" असं म्हणणारा मीच. इंजिनिअरिंगची पदवी गाठीला आहे, रोजचा धंदा संगणकाचे प्रोग्रॅम तपासण्याचा आहे, तरीही मी चुकलो. कसा चुकलो ते सांगावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच घडत असणार.

गणित असं होतं: वर्तुळाची त्रिज्या ६ सेंमी, मध्यावरचा कोन १.५, तर कंसाची लांबी किती आणि वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ किती? (वर्तुळपाकळी म्हणजे तुम्ही मुलं शाळेत ज्याला सेक्टर म्हणता ती.) कोनापुढे अंशाचं छोटं वर्तुळ नव्हतं. मला वाटलं, झेरॉक्समध्ये पुसलं गेलं असेल. मी आपल्या जुन्या शाळेतल्या पद्धतीने १.५ ला ३६० ने भागलं आणि परिघाने गुणलं. कंस आला ०.१५७ सेंमी, क्षेत्रफळ ०.४७१ चौरस सेंमी. मुलीचीही हीच उत्तरं होती. तरी मी आणखी एक पडताळा घेतला: क्षेत्रफळ हे त्रिज्या आणि कंस यांच्या गुणाकाराच्या निम्मं असतं. ६ गुणिले ०.१५७, त्याचं निम्मं ०.४७१. जुळलं! मी निर्धास्त झालो.

खरी उत्तरं होती ९ सेंमी आणि २७ चौरस सेंमी. कोनाला चिन्ह नसेल तर तो रेडियनमध्ये धरायचा, हा गणितातला संकेत आहे. रेडियन असेल तर s = rθ आणि A = ½r²θ, बस्स. ३६० चा संबंधच येत नाही.

मग माझा पडताळा जुळला कसा? कारण कंस आणि क्षेत्रफळ दोन्ही एकाच चुकीच्या कोनावर उभे होते, आणि दोन्ही एकाच पटीने चुकले. दोन साक्षीदार एकाच माणसाकडून ऐकून आले असतील, तर त्यांचं एकमत हा काही पुरावा नव्हे. माझ्या धंद्यात हे रोज पाहतो, पण घरी विसरलो.

ती पट लक्षात ठेवण्यासारखी आहे: ५७.३. एका रेडियनमध्ये सुमारे ५७.३ अंश असतात. रेडियनला अंश समजलात तर उत्तर ५७.३ पट लहान येतं, अंशाला रेडियन समजलात तर तितकंच पट मोठं. क्षेत्रफळातही ५७.३ च, त्याचा वर्ग नव्हे, कारण सूत्रात कोन एकदाच येतो. म्हणून उत्तर चुकलं की आधी खोडू नका. बरोबर उत्तराला चुकीच्या उत्तराने भागून पाहा. ९ भागिले ०.१५७ केलं की ५७.३ येतं. गुन्हेगार लगेच सापडतो, आणि मुलाला सूत्र येत होतं, फक्त मोजमाप चुकलं, हेही कळतं.

पण आधीच कळावं यासाठी काय करायचं? माझं मत असं, की कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारावा: "हा पोळीचा केवढा तुकडा आहे?" आपल्या भाषेत त्याला सुंदर शब्द आहे, चतकोर. पाव पोळी. पाव वर्तुळ म्हणजे ९० अंश, म्हणजेच सुमारे १.५७ रेडियन. आपला कोन १.५, म्हणजे चतकोरापेक्षा किंचित लहान तुकडा. ६ सेंमी त्रिज्येच्या पोळीची कड ३७.७ सेंमी. तिचा पाव भाग साधारण साडेनऊ. मग कंस नऊच्या आसपास हवा. दीड मिलिमीटर कंसाचा तुकडा चतकोर कसा असेल? तो तर एखाद्या सुईसारखा दिसेल.

उलट चूक त्याहून सहज पकडता येते. त्याच वर्तुळात कोन ४० अंश असेल आणि कोणी सरळ ६ गुणिले ४० करून कंस २४० सेंमी लिहिला, तर तुकड्याची कड सबंध पोळीच्या कडेपेक्षा सहापटीहून मोठी झाली! ४० अंश म्हणजे पोळीचा नववा भाग. ३७.७ भागिले ९, म्हणजे सुमारे ४.१९ सेंमी.

आता पालकांना एक विनंती. उत्तर चुकलं की आपण हटकून म्हणतो, "कॅल्क्युलेटरचा मोड बघ." मीही म्हणालो. मुलगी म्हणाली, "बाबा, यात sin कुठे आहे?" खरंच होतं. कंस आणि वर्तुळपाकळी यांत नुसता गुणाकार-भागाकार असतो. पडद्यावर DEG असो की RAD, सहा दुणे बाराच. मोडवर खापर फोडलं की खरी चूक तशीच राहते.

मोडचा फटका बसतो तो वर्तुळखंडात, म्हणजे जीवेच्या पलीकडे उरणाऱ्या तुकड्यात. तिथे वर्तुळपाकळीतून त्रिकोण वजा करायचा असतो, आणि त्रिकोणाला sin लागतो. त्रिज्या १० सेंमी, कोन १.२ रेडियन घ्या. वर्तुळपाकळी ६० चौरस सेंमी. त्रिकोण ५० गुणिले sin 1.2, म्हणजे ४६.६. उरले १३.४. पण कॅल्क्युलेटर DEG वर राहिला तर तो १.२ अंशाचा sin देतो, त्रिकोण जेमतेम १.०५ येतो आणि वर्तुळखंड ५८.९५. हे उत्तर फसवं आहे, कारण ते वर्तुळात मावतं, अवास्तव वाटत नाही, आणि इथे ५७.३ ची पटही सापडत नाही. म्हणून इथे आकृतीकडे बघायचं. १.२ रेडियन म्हणजे सुमारे ६९ अंश, समभुज त्रिकोणापेक्षा थोडा पसरट त्रिकोण. त्याने तुकड्याचा बराचसा भाग व्यापायलाच हवा. उत्तर जवळजवळ अख्ख्या वर्तुळपाकळीएवढं आलं, तर त्रिकोण कुठे गडप झाला, असं विचारा.

माझी सूचना साधी आहे. सरावाच्या कागदावर प्रत्येक उत्तराआधी मुलांनी दोनच शब्द लिहावेत: कोन अंशात की रेडियनमध्ये, आणि तुकडा चतकोराहून लहान की मोठा. अंशाचं चिन्ह ठसठशीत काढावं, नाहीतर झेरॉक्समध्ये ते पुसलं जातं किंवा त्याचं शून्य होऊन ४० चे ४०० होतात. आणि आपण पालकांनी सूत्र पुन्हा लावून तपासू नये. त्याने फक्त तीच चूक दुसऱ्या हस्ताक्षरात उतरते. आपण पोळीचा तुकडा बघावा.

माझ्या मुलीने तो कागद पुन्हा सोडवला. या वेळी तिने तो मला दाखवला नाही. "बाबा, चतकोर बघितला," एवढंच म्हणाली.

आपला,
एक पालक