पाच आकडी नंबर

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कोंढव्यातल्या आमच्या इमारतीचे रात्रीचे चौकीदार, ज्यांना लहानथोर सगळेच चाचा म्हणतात, सकाळी ड्यूटी संपवून माझ्या दारात उभे राहिले. मी शाळेत निघण्याच्या घाईत होतो. त्यांनी खिशातून प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड काढलं आणि म्हणाले, "सर, मेरा पीएफ निकालके देव. बच्ची का अकरावी का अ‍ॅडमिशन हे जून में. बारा साल का जमा हुआ होएंगा."

कार्ड पाहिलं. वर सिक्युरिटी एजन्सीचं नाव, फोटो आणि खाली पाच आकडी नंबर. चाचा तो नंबर पीएफचा समजून बारा वर्षं जपत होते. पीएफचा नंबर, म्हणजे यूएएन, बारा आकडी असतो. ईएसआयसीचा दहा आकडी. पाच आकडी नंबर एजन्सीच्या हजेरीतला होता, बाकी कशातला नाही.

तरी म्हटलं, तपासून पाहू. संध्याकाळी पीएफच्या संकेतस्थळावर 'Know your UAN' इथे त्यांचा मोबाईल आणि आधार क्रमांक टाकला. नोंद नाही. मग बँकेचं पासबुक मागवलं. खातं शून्य शिलकीचं, पाच-सहा वर्षांच्या नोंदी एका पानात मावतील इतक्या. मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या ओळी शोधत होतो. ज्याने प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घेतला असेल त्याच्या खात्यातून त्या सुमारास ४३६ रुपये जातात, अपघात विम्याचे २० रुपये जातात. दोन्ही ओळी कुठेच नव्हत्या. ई-श्रममध्ये नोंद नाही, अटल पेन्शन नाही. २०१५ साली अटल पेन्शन सुरू झाली तेव्हा चाचा कागदावर ३६ वर्षांचे होते आणि ती योजना ४० पर्यंतच्यांसाठी आहे. दार चार वर्षं उघडं होतं, आणि ते रोज रात्री दुसऱ्यांच्या दारापाशी बसून होते.

मी सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. थोडा वेळ कार्डाकडे पाहत राहिले. "मतलब मय किधर बी नई?" एवढंच विचारलं.

आता माझ्या लाजेचा भाग. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एजन्सीचं बिल दरवर्षी वाचलं जातं. मी कमिटीत दोन वर्षं होतो. मी फायली काढून पाहिल्या. प्रत्येक बिलात पगाराच्या खाली दोन ओळी आहेत: पीएफ १३ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के. तेरा टक्क्यांचा अर्थ असा की मालकाचा वाटा १२, आणि उरलेल्या एकात अर्धा टक्का विम्याचा व अर्धा प्रशासनाचा. चाचांचा पगार १३,००० दाखवला आहे, म्हणजे त्यांच्या नावाने पीएफचे महिन्याला १,६९० रुपये आम्ही रहिवासी भरत होतो. वर्षाचे २०,२८०. आम्ही दिले, एजन्सीने घेतले, चाचांपर्यंत काहीच पोचलं नाही. आणि बिलावर सह्या करणाऱ्यांत एक सही माझी आहे.

आम्ही कधी विचारलंच नाही असंही नाही. एका वर्षी सेक्रेटरींनी पीएफचं चलन मागितलं होतं, एजन्सीने ते दिलंही. फायलीत ते आहे. चलनासोबत नावांची यादी असते, २३ नावांची. त्यात आमच्या दोन्ही चौकीदारांपैकी कुणाचंही नाव नाही. एजन्सी काही रक्षकांचा पीएफ भरते आणि तेच चलन सगळ्या सोसायट्यांना दाखवते. चलन पाहणं पुरेसं नाही, यादीत आपल्या गेटवरच्या माणसाचं नाव शोधावं लागतं. हे आम्हा शिकलेल्यांना सुचलं नाही.

एजन्सीच्या सुपरवायझरला बोलावलं. त्याने दोन उत्तरं दिली. पहिलं, "तुमच्याकडे दोनच गार्ड आहेत, पीएफ वीस माणसांना लागतो." वीसची अट खरी आहे, पण ती आस्थापनेला आहे. एजन्सीचे गार्ड चार ठिकाणी दोन-दोन बसले तरी मोजायचे सगळे मिळून. २३ नावांचं चलन तर त्यांनीच दिलेलं. दुसरं उत्तर जास्त चलाख होतं. "हमने पूछा था, चाचा बोले पूरा पैसा हात में देव."

चाचांनी ते कबूल केलं. भरतीच्या दिवशी विचारलं होतं, पीएफ पाहिजे का पूर्ण पगार? ज्याच्या घरात पाच माणसं आहेत तो काय म्हणणार? पण हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच एजन्सीला नाही. नोकरीला लागताना पगार १५,००० पर्यंत असेल आणि आस्थापनेला पीएफ लागू असेल, तर त्यात कामगाराच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. बरं, पूर्ण पैसे मागितले म्हणून आमच्याकडून घेतलेले १,६९० तरी हातात दिले का? तेही नाहीत.

खरी अडचण घरून आली. चाची म्हणाल्या, पगारातून १२ टक्के म्हणजे १,५६० जाणार, ईएसआयचे ९८ जाणार. "सोळाशे कम आए तो मय किराना किधर से भरूं?" याला माझ्याकडे छान उत्तर नव्हतं, आजही नाही. मी फक्त वही घेऊन हिशेब मांडला, कारण एक तारीख अंगावर येत होती.

पीएफसोबत जी पेन्शन योजना आहे तिचं सभासदत्व ५८ व्या वर्षी संपतं, आणि महिन्याची पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. चाचांच्या आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९७९ आहे. जानेवारीत ४७ पूर्ण. ५८ ला अकरा वर्षं उरतात. म्हणजे सवड जेमतेम एका वर्षाची. आणखी दीड-दोन वर्षं गेली की पैसे जमा होतील, एकरकमी मिळतील, पण महिन्याची पेन्शन कधीच नाही. अकरा वर्षं भरले तर हिशेब साधा आहे: पगार गुणिले वर्षं भागिले ७०. तेरा हजार धरले तर महिन्याला सुमारे २,०४३ रुपये. याशिवाय खात्यात दरमहा त्यांचे १,५६० आणि मालकाच्या वाट्यातून पेन्शनला जाऊन उरणारे ४७७ जमा होत राहतील. चाचींना आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट पटली. नोकरीत असताना चाचांचं काही बरंवाईट झालं तर दहा वर्षांची अट नाही, एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी पत्नीला पेन्शन मिळते. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "करो फिर."

जन्मतारखेचं वेगळंच. एक जानेवारी ही तारीख आधारवर कितीतरी लोकांची आहे, दाखला नसला की तीच पडते. चाचा चौथीपर्यंत गावच्या उर्दू शाळेत होते. तिथला दाखला मागवला तर त्यात जून १९८१ निघालं. अडीच वर्षं कमी! माझ्या मनात आलं, आधार दुरुस्त करू, मुदत वाढेल. मग विचार बदलला. दुरुस्तीला वेळ जातो, आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि तोवर एजन्सीला थांबायला निमित्त मिळालं असतं. कागदावरच्या ४७ मध्ये काम होत होतं, म्हणून तारीख तशीच ठेवली.

नाव मात्र दुरुस्त करावंच लागलं. आधारवर 'शेख' पुढे, बँकेत मागे, आणि मधलं 'मोहम्मद' बँकेने 'मो.' करून टाकलेलं. आपल्यापैकी किती जणांच्या कागदांत हे असंच आहे हे वाचकांना मी सांगायला नको. शाळेत नाव नोंदवताना मास्तरही ते करतात, मीही केलं असेल. यूएएन आधारच्या नावाने निघतो, बँकेत नाव वेगळं असलं तर पैसे काढायच्या वेळी अर्ज परत येतो. बँकेत नाव आधारप्रमाणे करून घ्यायला चाचांचे दोन दिवस गेले, रात्रपाळी करून सकाळी रांगेत.

त्याच फेरीत दोन्ही विमे सुरू केले. डिसेंबरात गेलो म्हणून जीवन ज्योतीचे वर्षाचे ४३६ न घेता २२८ घेतले, अपघाताचे २०. जीवन ज्योतीत शिरायला वयाची मर्यादा ५० आहे, तीही जवळच होती. पहिले तीस दिवस अपघाताशिवाय झालेल्या मृत्यूचा दावा मिळत नाही, हे मी चाचींना मुद्दाम सांगितलं. आणि दुसरी गोष्ट कॅलेंडरवर लिहून दिली: मेच्या अखेरीस खात्यात ४५६ रुपये हवेत. पगार रोखीत येतो, खातं रिकामं असतं, हप्ता कापला जात नाही आणि विमा कधी बंद पडला ते कळतही नाही.

सोसायटीने एजन्सीला लेखी कळवलं की दोन्ही गार्डांची नावं असलेली यादी मिळेपर्यंत पुढचं बिल निघणार नाही. एवढं पुरलं. आठ दिवसांत चाचांना चेहरा दाखवून यूएएन काढून घ्यायला सांगितलं गेलं. आम्ही तो उमंग अ‍ॅपवर काढला. पगार पाचशेने वाढवायचा माझा ठराव सभेत आला आणि तीनशेवर पास झाला. चाचींच्या सोळाशेंपुढे ते तीनशे काय आहेत, ते मला कळतं.

मागच्या बारा वर्षांचं अजून झालेलं नाही. पीएफच्या तक्रार पोर्टलवर अर्ज केला आहे. मागच्या काळातला कामगाराचा वाटाही मालकानेच भरायचा असतो, तो आता पगारातून कापता येत नाही. पण एजन्सी म्हणते, चाचा तेव्हा आमच्याकडे होतेच याला पुरावा काय? पगाराची पावती कधी मिळाली नाही. पुरावा आमच्या मीटर रूममध्ये निघाला. गेटवरची हजेरीची रजिस्टरं, एकावर एक रचलेली. रोज रात्री आठला उर्दूत केलेली सही. सात वर्षांची सापडली, आधीची रद्दीत गेली. ती सही कुणाची, असं उद्या तिथे विचारलं तर वाचून दाखवायला मी जाईन.

जानेवारीचा हप्ता भरायची मुदत १५ फेब्रुवारी. चाचांनी १६ तारखेपासून विचारायला सुरुवात केली. मी त्यांच्या मोबाईलवरून 7738299899 या नंबरला असा मेसेज पाठवायला शिकवलं:

```
EPFOHO UAN MAR
```

शेवटचे तीन अक्षर मराठीसाठी. तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या रात्री साडेअकराला मी खाली उतरलो तर ते गेटपाशी बल्बखाली मोबाईल डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर जुळवत वाचत होते. "सर, ये 'अंशदान' मतलब क्या?" मी सांगितलं. मग त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि रजिस्टर पुढे ओढून त्या रात्रीची सही केली.