पैसे कटले, पावती नाही : ‘पेंडिंग’ म्हणजे नेमकं काय, आणि खरं उत्तर कोणाकडे असतं?

हिंगोली : पेरणीचे दिवस आले की कृषी सेवा केंद्रात गर्दी असते आणि त्याच गर्दीत मोबाईलची रेंज जाते. पिन टाकला, गोल गोल चक्र फिरलं आणि स्क्रीनवर ‘पेंडिंग’ आलं. बँकेचा मेसेज म्हणतो पैसे कटले. दुकानदाराचा डबा काही बोलत नाही. मागं दहा जण उभे. मग होतं काय, तर दुकानदार म्हणतो ‘परत मारा’ आणि शेतकरी परत मारतो. सेनगाव असो की वसमत, हा प्रकार सगळीकडं सारखाच. नुकसान बहुतेक वेळा त्या पहिल्या अडकण्यात नसतं, ते या ‘परत मारा’ मध्ये असतं. ते कसं, हे समजून घेऊ.

पेंडिंग म्हणजे फेल नव्हे

यूपीआयचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. मधे एनपीसीआय म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन बसलेली असते. ती आधी तुमच्या बँकेला सांगते, ‘याच्या खात्यातून एवढे काढा.’ तिकडून हो आलं की दुकानदाराच्या बँकेला सांगते, ‘एवढे जमा करा.’ प्रत्येक उत्तरासाठी काही सेकंदांची मुदत असते. त्या मुदतीत उत्तर आलं नाही, तर त्याला टाइमआउट म्हणतात.

आता टाइमआउट कुठल्या टप्प्यात झाला, यावर पुढचं ठरतं. पहिल्या टप्प्यात तुमची बँक गप्प राहिली, तर व्यवहार रद्द धरला जातो आणि पैसे कापले गेले असतील तर परत फिरवा, असा निरोप बँकेला जातो. दुसऱ्या टप्प्यात दुकानदाराची बँक गप्प राहिली, तर गोष्ट वेगळी. पैसे तुमच्याकडून निघालेले असतात, तिकडं जमा झाले की नाही ते कळलेलं नसतं. कदाचित जमा झालेही असतील, फक्त ‘झाले’ हा निरोप वाटेत अडकला असेल. म्हणून असा व्यवहार रद्द न करता झाला असं गृहीत धरून ठेवतात आणि नंतर दोन्ही बँकांच्या नोंदी जुळवून निकाल लावतात.

म्हणजे ‘पेंडिंग’चा सरळ अर्थ ‘अजून माहीत नाही’ एवढाच. आपण त्याचा अर्थ ‘गेलं नाही’ असा लावतो, तिथंच गफलत होते.

एक हिशेब करून पाहू

समजा, सोमवारी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी एका शेतकऱ्यानं सोयाबीन बियाण्याच्या दोन बॅगांचे ६,२०० रुपये दुकानाच्या क्यूआर कोडवर भरले. पेंडिंग आलं. ११.४५ ला त्यानं पुन्हा ६,२०० भरले, ते लगेच गेले, डबा बोलला, बॅगा घेऊन माणूस गावाकडं निघाला.

आता पहिल्या व्यवहाराचं दोनपैकी एक होणार. दुकानदाराच्या बँकेत पैसे जमा झालेच नसतील, तर ते आपोआप परत येतील. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात त्याची मुदत ठरलेली आहे. दुकानाला केलेलं पेमेंट असेल आणि दुकानापर्यंत खात्री पोहोचली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे परत. म्हणजे सोमवारचा व्यवहार असेल तर शनिवारपर्यंत. त्यापुढं उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई, आणि ती बँकेनं तुम्ही न मागता द्यायची आहे. एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात पाठवलेले पैसे अडकले, तर मुदत आणखी कमी, फक्त दुसऱ्या दिवसापर्यंत.

पण पहिला व्यवहार दहा मिनिटांनी ‘यशस्वी’ झाला तर? मग दुकानदाराकडं १२,४०० गेले. बँकेच्या दृष्टीनं हे दोन वेगळे व्यवहार आहेत, दोन वेगळ्या क्रमांकांचे, आणि दोन्ही पूर्ण झालेले. अडकलेलं काहीच नाही. त्यामुळं पाच दिवसांचा नियमही लागू होत नाही आणि शंभर रुपयेही नाहीत. जास्तीचे ६,२०० परत करणं आता दुकानदाराच्या हातात. ओळखीचा असेल तर देईल. परगावचा असेल तर खेटे मारा. परत मारण्याची खरी किंमत ही आहे.

मग विचारायचं कोणाला, आणि किती वेळा?

उत्तर दुकानदाराच्या डब्याकडं नसतं. तुमच्या मेसेजकडंही पुरतं नसतं, कारण मेसेज फक्त ‘कटले’ एवढंच सांगतो. ज्याच्या वहीत व्यवहाराचा शेवट लिहिला जातो त्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी तुमचं ॲप मागच्या बाजूनं एनपीसीआयला व्यवहाराच्या क्रमांकासह विचारतं, ‘याचं काय झालं?’ उत्तर तीनच प्रकारचं येतं : झाला, फेल गेला किंवा अजून ठरलं नाही. तिसरं उत्तर आलं तर थांबून पुन्हा विचारायचं. एवढाच मार्ग आहे.

पण सारखं विचारूनही चालत नाही. १२ एप्रिल २०२५ चा शनिवार आठवत असेल, हनुमान जयंतीचा दिवस. त्या दिवशी देशभर यूपीआय कित्येक तास रखडलं होतं. एनपीसीआयनं कारण शोधलं, तेव्हा काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या निरोपांचा पूर आल्याचं दिसलं. जुन्या व्यवहारांचीसुद्धा पुन्हा पुन्हा चौकशी चालली होती. ‘माझ्या पैशाचं काय झालं’ हे विचारणाऱ्यांच्या गर्दीनं पैसे पाठवणाऱ्यांचाच रस्ता अडवला.

त्यानंतर नियम घट्ट झाले. आता बँकेनं किंवा ॲपनं पहिली चौकशी ४५ ते ६० सेकंद थांबूनच करायची आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन वेळा करायची. जून २०२५ पासून स्थितीच्या चौकशीला उत्तर देण्याची मुदतही ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आणली आहे. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की पेंडिंग दिसल्यावर पहिल्या मिनिटात बोटानं स्क्रीन खाली ओढत बसून काही उपयोग नाही. निदान एक-दीड मिनिट थांबा, मग ॲपच्या इतिहासात जाऊन तोच व्यवहार उघडा. तरी पेंडिंग असेल तर रोख द्या किंवा उधारी लिहून ठेवा, पण दुसऱ्यांदा स्कॅन करू नका.

सरकारी पोर्टलवर तिसरी वही असते

दुकानात प्रश्न दोन बँकांचा असतो. पोर्टलवर फी भरताना त्यात आणखी दोघं येतात : ते पोर्टल आणि मधली पेमेंट गेटवे कंपनी. महाडीबीटीवर कृषी योजनेच्या अर्जाचे २३ रुपये ६० पैसे भरताना, म्हणजे २० रुपये शुल्क आणि वर जीएसटी, पोर्टल आधी स्वतःचा एक क्रमांक तयार करतं आणि तुम्हाला गेटवेकडं पाठवतं. तिथं पैसे भरून तुम्ही परत पोर्टलवर यायचं असतं. नेमकी याच वेळी रेंज गेली किंवा तुम्ही मागे जाण्याचं बटण दाबलं, तर बँकेत व्यवहार पूर्ण, गेटवेकडं पूर्ण आणि पोर्टलवर मात्र अर्ज ‘फी बाकी’ राहू शकतो.

इथं तुमचं ॲप ‘यशस्वी’ दाखवतं आणि ते खरंच असतं. अडकलेली असते ती पोर्टलची वही. बँकेत जाऊन भांडण्यात अर्थ नसतो, बँक म्हणणार आमच्याकडून गेले, आणि तेही बरोबर.

असं कुठलंही पोर्टल चालवणाऱ्यानं करायचं काम ठरलेलं आहे. बाकी दिसणारा प्रत्येक क्रमांक घेऊन काही वेळानं गेटवेला स्वतःहून विचारायचं. ‘झालं’ असं उत्तर आलं, तर क्रमांक आणि रक्कम जुळते का ते बघून फी भरली अशी नोंद करायची. ‘फेल’ आलं तरच पुन्हा भरायचं बटण उघडायचं. ‘ठरलं नाही’ आलं तर बटण बंद ठेवून नंतर परत विचारायचं. ग्राहकाच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून नोंद करायची नाही, कारण स्क्रीनशॉट बनवता येतो, गेटवेचं उत्तर बनवता येत नाही. एकाच अर्जाचे दोन पेमेंट यशस्वी निघाले, तर दुसरं परत करायचं. डिजिटल सातबाराच्या संकेतस्थळावर पेमेंट स्टेटस तपासायची सोय याचसाठी आहे.

ज्या पोर्टलवर ही चौकशी होत नाही किंवा दिवसातून एकदाच होते, तिथं ‘पुन्हा भरा’ हे बटण लगेच दिसतं. लोक दाबतात आणि दोनदा भरतात. रक्कम छोटी म्हणून कोणी मागं लागत नाही. पण योजनेच्या शेवटच्या तारखेला अर्ज ‘फी बाकी’ राहिला, तर नुकसान २३ रुपयांचं नसतं, ठिबकच्या किंवा अवजाराच्या अनुदानाचं असतं. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न बघता दोन-तीन दिवस आधी फी भरलेली बरी, म्हणजे चौकशी होऊन नोंद सुधारायला वेळ मिळतो.

हातात काय ठेवायचं

तक्रारीला दोन क्रमांक लागतात. एक, यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, जो ॲपमध्ये आणि पासबुकात दिसतो. दुसरा, पोर्टलचा स्वतःचा क्रमांक. बँकेला पहिला कळतो, पोर्टलला दुसरा. पैसे भरायच्या आधी पोर्टलचा क्रमांक कागदावर लिहून घ्या, कारण नंतर ते पान सापडत नाही. सेवा केंद्रात भरत असाल, तर केंद्रवाल्याकडून दोन्ही लिहून घ्या.

दुकानात अडकलं असेल तर आधी ॲपमधूनच त्या व्यवहारावर तक्रार टाका. मुदत संपूनही पैसे आले नाहीत तर बँकेत लेखी द्या. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. मार्गदर्शनाचा क्रमांक १४४४८.

आणि एक लक्षात असू द्या. पैसे अडकल्यावर माणूस घाबरतो आणि गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधतो. तिथं बसलेले भामटे ‘पैसे परत पाठवतो, पिन टाका’ म्हणतात. पैसे परत यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. तसं घडलंच तर लगेच १९३० वर फोन लावा.