विश्लेषण : चॅटवरच्या एका शब्दावरून टीममध्ये भांडण का पेटते?

वेगवेगळ्या शहरांतून, अनेकदा वेगवेगळ्या देशांतून काम करणाऱ्या टीममध्ये बराचसा संवाद चॅटवरच होतो. तिथे होणाऱ्या भांडणांत ‘तो उद्धटपणे बोलला’ ही तक्रार नेहमीची. पण अशी अनेक भांडणे उलगडून पाहिली, तर सुरुवात सुरातून झालेली नसते. काम कोणी आणि केव्हापर्यंत करायचे हे न ठरल्याने ती होते, सूर त्या रिकाम्या जागेत नंतर भरला जातो. हे कसे घडते?

भांडण नेमके कुठे सुरू होते?

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. टीम लीड न्यू जर्सीत, टेस्टर पुण्यात. दोघेही मराठी, एकमेकांना ‘अरे-तुरे’ करणारे. जून महिन्यातला मंगळवार. न्यू जर्सीत सकाळचे ९ वाजले आहेत, पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. लीड लिहितो, ‘टेस्टचा रिपोर्ट ईओडी दे.’ टेस्टर लॅपटॉप बंद करता करता उत्तर देतो, ‘बघतो.’

ईओडी म्हणजे दिवसअखेर, पण कोणाच्या दिवसाची? लीडच्या हिशेबाने मंगळवारी संध्याकाळी ५, म्हणजे पुण्यात बुधवारची पहाट, अडीच वाजता. टेस्टरचा मंगळवार मात्र संपलेला आहे, त्याच्या लेखी दिवसअखेर म्हणजे बुधवारची संध्याकाळ. ‘बघतो’ हा शब्दही असाच निसरडा. लीडला त्यात होकार ऐकू येतो. टेस्टरला म्हणायचे असते, ‘मेसेज वाचला, उद्या हाती घेतो.’

पहाटे २ वाजून ३५ मिनिटांनी लीडचा मेसेज येतो, ‘रिपोर्ट?’ सकाळी उठल्यावर टेस्टरला त्या प्रश्नचिन्हात आरोप दिसतो. तो ‘ओके.’ एवढेच लिहितो आणि दुपारी रिपोर्ट पाठवताना मॅनेजरलाही प्रत जोडतो. लीडला ही आपली तक्रार वाटते. मग सगळ्यांच्या ग्रुपवर सूचना पडते, ‘यापुढे डेडलाइन पाळाव्यात.’ नाव कुणाचेच नाही, पण रोख कुणावर आहे ते सर्वांना कळते. दोघांनीही आपापल्या समजुतीनुसार दिलेला शब्द मोडलेला नाही. तरीही आता भांडण रिपोर्टचे उरले नाही, ते मानापमानाचे झाले.

लिहिणाऱ्याला हे आधी लक्षात का येत नाही?

कारण लिहिताना त्याला स्वतःचा आवाज मनात ऐकू येत असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मोजले गेले. काही वाक्ये गंभीरपणे, काही उपरोधाने सांगायची आणि समोरच्याने त्यातला सूर ओळखायचा, असा तो प्रयोग होता. सांगणाऱ्यांचा अंदाज होता, की साधारण ७८ टक्के वेळा सूर बरोबर ओळखला जाईल. आवाजातून सांगितले तेव्हा तो ७३ टक्के वेळा ओळखला गेला. ईमेलवर मात्र केवळ ५६ टक्के वेळा. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती. ईमेल लिहिणाऱ्यांचा आत्मविश्वास मात्र आवाजाने सांगणाऱ्यांइतकाच होता.

‘रिपोर्ट?’ लिहिताना लीडच्या मनात ‘काय रे, झाला का?’ असा सहज प्रश्न असू शकतो. पडद्यावर पोहोचते ते फक्त प्रश्नचिन्ह.

उत्तर न येण्याचा अर्थ काय लावला जातो?

शब्दांइतकाच गोंधळ शांततेतूनही होतो. कॅथरिन क्रॅम्टन यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून एकत्र काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या १३ गटांचा अभ्यास २००१ मध्ये मांडला. उत्तर न येणे म्हणजे होकार, नकार, रजा की मेसेजच पोहोचला नाही, हे त्या गटांना कळत नव्हते. समोरच्याची परिस्थिती दिसत नसल्याने दोष त्याच्या स्वभावाला दिला जात होता. ऑफिसात शेजारची खुर्ची रिकामी दिसली तर माणूस आला नाही हे समजते. चॅटवर तोच माणूस ‘टाळतोय’ असे वाटते.

लॉरा जुर्जे आणि व्हेनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. तातडीचा नसलेला ईमेल कामाच्या वेळेबाहेर आला, की पाठवणाऱ्याला प्रत्यक्षात हवे असते त्यापेक्षा लवकर उत्तर अपेक्षित आहे, असे मिळणाऱ्याला वाटते. पहाटे २.३५ चा मेसेज लीडसाठी कामाच्या दिवसातला होता, टेस्टरसाठी तो झोपेत आलेला तगादा ठरला.

गोड बोलून किंवा कायद्याने हे सुटते का?

‘प्लीज’ किंवा हसरा इमोजी जोडल्याने मेसेजची धार कमी होऊ शकते, पण दिवसअखेर कोणाची हे त्यातून कळत नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला आहे, मात्र तो नकार अवाजवी नसावा अशी अट आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडले होते. असा हक्क शिक्षेच्या भीतीपासून वाचवू शकतो. पण मेसेज पाठवणाऱ्याला काय हवे होते, हे कायदा सांगू शकत नाही.

मग उपाय काय?

उपाय अपेक्षा लिहिण्यात आहे. मूळ मेसेज असा असता तर? ‘टेस्टचा रिपोर्ट तुझ्या बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत पाठव. गुरुवारी क्लायंटला दाखवायचा आहे. जमणार नसेल तर बुधवारी दुपारपर्यंत कळव.’ यात काम, करणारा, कोणाच्या घड्याळातली वेळ, कारण आणि अडचण आल्यास काय करायचे, हे सगळे आले. उत्तरही ‘बघतो’ऐवजी ‘बुधवारी ६ ला देतो’ असे हवे. वेळ ठिकाणासह लिहिणे महत्त्वाचे, कारण अमेरिकेतील घड्याळे नोव्हेंबरात एक तास मागे जातात. तेव्हा न्यू जर्सीतले सकाळचे ९ म्हणजे पुण्यातले साडेसात होतात.

काम तातडीचे नसेल तर तेही लिहावे. जुर्जे आणि बोन्स यांच्या प्रयोगांत ‘लगेच उत्तराची गरज नाही’ अशा अर्थाच्या छोट्या सूचनेनेही गैरसमज कमी झाला. आणि एकाच मुद्द्यावर दोनदा खटका उडाला, की तिसरा मेसेज न लिहिता फोन करावा. २००५ च्या प्रयोगातील ५६ आणि ७३ टक्क्यांमधला फरक हेच सांगतो. फोनवर जे ठरले, ते नंतर दोन ओळींत चॅटवर नोंदवले म्हणजे पुन्हा वाद होत नाही.

मर्यादा कुठे?

प्रत्येक तिखट मेसेज हा गैरसमज नसतो. फरक ओळखण्याची एक खूण आहे. अपेक्षा स्पष्ट लिहिल्यावर खटके थांबले, तर दोष मेसेजच्या रचनेत होता. वेळ, काम, जबाबदारी सगळे ठरलेले असूनही एकाच व्यक्तीला चारचौघांत टोचणारे मेसेज येत राहिले, तर तो सुराचा गैरसमज नव्हे, ती वागणूक आहे. अशा वेळी ‘तू चुकीचा अर्थ काढतोस’ हे उत्तर पुरेसे नाही. ते मेसेज तारीखवार जपून वरिष्ठांकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे नेणे हाच मार्ग उरतो.