एकाच वाक्यात तिघांची खिचडी नको!

शोधनिबंधाची संदर्भसूची टिपणांसह द्यायची म्हटलं, की आपण काय करतो? पुस्तक चाळतो, चार ओळी लिहितो, ‘अत्यंत उपयुक्त’ असं चिकटवतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. टिपण तयार! माझं म्हणणं असं, की पुस्तकात काय आहे, ते किती भरवशाचं आहे आणि माझ्या प्रश्नाला त्याचा काय उपयोग, ही तीन वेगळी कामं आहेत. ती एका वाक्यात कोंबली की चूक लपून बसते.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. समजा तुमचा संशोधन प्रश्न असा आहे : 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांची देखभाल कुणाकडे गेली? सूचीत आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं 1908 चं भंडारा गॅझेटियर असणारच. त्यावरचं टिपण बहुतेकदा असं उतरतं :

‘या जुन्या पण विश्वासार्ह ग्रंथात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची माहिती असून, त्यांपैकी आज किती नष्ट झाले हे समजण्यासाठी तो अत्यंत उपयुक्त आहे.’

वाचायला छान वाटतं ना? आता पेन्सिल घ्या. ‘तलावांची माहिती’ हा सारांश. ‘विश्वासार्ह’ हे मूल्यमापन, पण कारणाशिवाय. आणि ‘आज किती नष्ट झाले’ हे 1908 च्या ग्रंथात कुठून येणार? ते तुमच्या डोक्यातलं आहे. वाक्य एकच असल्यामुळे ते रसेलच्या नावावर खपून गेलं.

खरा घोळ यापुढे आहे. 1908 चा भंडारा म्हणजे आजचा भंडारा नव्हे. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाला. गॅझेटियरमध्ये भंडाऱ्याचा म्हणून येणारा नवेगावचा तलाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. तेव्हाच्या जिल्ह्याचे तलाव आणि आजच्या यादीतले तलाव यांची सरळ वजाबाकी केली, तर जे तलाव शाबूत आहेत, फक्त जिल्हा बदललेत, तेही ‘नष्ट’ ठरतील. असा आकडा निबंधातून बातमीत यायला वेळ लागत नाही, आणि एकदा छापला गेला की पुढचा विद्यार्थी तीच बातमी संदर्भ म्हणून देतो.

आता तेच टिपण तोडून लिहू.

सारांश : ‘ब्रिटिश प्रशासनाने काढलेला जिल्हा ग्रंथ. भूगोल, समाज, शेती आणि जमीन महसूल यांची माहिती. धानाच्या सिंचनासाठी बांधलेले तलाव आणि ते बांधणारा कोहळी समाज यांच्या नोंदी.’ इथे तुमचं मत शून्य. ‘महत्त्वपूर्ण’सारखं विशेषणही नाही.

मूल्यमापन : ‘महसूल प्रशासनाच्या गरजेतून लिहिलेला, त्यामुळे जमीन आणि मालगुजार यांबाबत सरकारी दृष्टी ठळक. पाणी घेणारी कुळं किंवा तलावात मासे धरणारे ढिवर यांच्याबद्दल इतर बोलतात, ते स्वतः बोलत नाहीत. तलाव कुणी बांधला याची ऐकीव परंपरा आणि महसुली मोजणी यांचं वजन सारखं धरू नये.’

उपयोग : ‘1951 आधीची पार्श्वभूमी समजण्यापुरता. देखभाल पुढे कुणाकडे गेली याचं उत्तर यात नाही. जिल्ह्याची हद्द बदलल्याने संख्येची थेट तुलना करणार नाही. गाववार नोंद मिळाली तरच करीन.’

बघा, ग्रंथ चांगला आहे आणि तरी आपल्या प्रश्नाला थोडाच कामाचा आहे, हे आता कुठे नीट म्हणता आलं. आधीच्या वाक्यात ते म्हणायला जागाच नव्हती.

तोडणी बरोबर झाली का, हे कसं ओळखायचं? संशोधन प्रश्न बदलून पाहा. समजा मैत्रीण ढिवर समाजाच्या मासेमारीवर लिहितेय. तिला तुमचा सारांश आणि मूल्यमापन जवळपास तसंच वापरता यायला हवं. तिसरा परिच्छेद मात्र पूर्ण नवा लिहावा लागेल. तो न बदलता चालला, तर तुम्ही उपयोग लिहिलाच नाही, नुसतं कौतुक केलं.

काही शिक्षकांना सलग परिच्छेदच हवा असतो. हरकत नाही, आधी तीन तुकडे लिहा आणि मग त्याच क्रमाने जोडा. शिवाय एक अडचण राहतेच : सारांशात काय घ्यायचं हे आपला प्रश्नच ठरवतो. वरच्या सारांशात तलाव आले, जंगल आलं नाही. म्हणून सारांशात ‘सिंचनाचा भाग वाचला’ एवढं स्पष्ट लिहून टाका. आणि तिन्ही तुकडे सारख्या लांबीचे करायच्या फंदात पडू नका. रसेलच्या नोंदीत मूल्यमापन लांबतं. मागच्या वर्षीच्या एखाद्या सरकारी तलाव-यादीवर लिहाल तेव्हा सारांश दोन ओळींत आटोपेल.