मंडळाचं कपाट कोणी उघडायचं?

दिवाळी अंक नेपियर टाउन आणि राइट टाउनमधल्या घरोघरी पोहोचवायचा, तर वाटप करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती सभासदांचे पत्ते हवेत. ते मंडळाच्या गूगल ड्राइव्हवर ‘सभासद नोंदणी’ या फोल्डरमध्ये आहेत. त्याच फोल्डरमध्ये सगळ्यांचे फोन नंबर आहेत, वर्गणीच्या आणि देणग्यांच्या पावत्याही आहेत. ड्राइव्हवर फोल्डर उघडून दिला की आतलं सगळंच उघडतं. त्यामुळे ‘मला अ‍ॅक्सेस द्या’ एवढ्याच निरोपावर देणाऱ्याला दोनच गोष्टी करता येतात: नाही म्हणायचं, नाही तर सगळं देऊन टाकायचं. आपल्याकडे संकोचापोटी बहुधा दुसरीच होते.

या वेळी वाटपाचं काम पाहणाऱ्या ताईंनी पाठवलेली विनंती अशी होती:

“सभासद नोंदणी या फोल्डरमधली ‘पत्ते’ ही एकच फाइल हवी. फक्त वाचण्यासाठी, बदल करायचे नाहीत. कारण: दिवाळी अंकाचं वाटप. मुदत: १५ नोव्हेंबरपर्यंत. मंजुरी कार्यवाहांची. प्रवेश याच ईमेलवर द्यावा.”

ही वाचून कार्यवाहांना उलट काही विचारावं लागलं नाही. त्यांनी त्या फाइलपुरती ‘Viewer’ अशी परवानगी दिली. पावत्या खजिनदारांच्या अखत्यारीतल्या आहेत. त्या पावत्यांना हातही लागला नाही.

मंजुरी कोणाची, हे लिहिण्याची गरज अनेकांना पटत नाही. बंद फाइलसमोर ‘Request access’ हे बटण दिसतं, ते दाबलं की झालं, असं वाटतं. पण ती विनंती मुख्यतः फाइल ज्याच्या खात्यावर आहे त्याच्याकडे जाते. आपल्यासारख्या मंडळात फोल्डर दोन कार्यकारिणींपूर्वीच्या कार्यवाहांनी स्वतःच्या खात्यावर उघडलेला असू शकतो आणि ते आता मुलाकडे पुण्यात राहत असतील. मग विनंती अशा पेटीत पडते जिथे कोणी पाहत नाही किंवा ज्यांचा आता अधिकार नाही त्यांच्या हातून मंजूर होते. म्हणून बटण दाबलं तरी त्याच मजकुराचा ईमेल आजच्या कार्यवाहांना जायलाच हवा. खातं कोणाचं आणि निर्णय कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढे फोल्डरची आणि त्यातल्या फाइल्सची मालकीच मंडळाच्या खात्यावर आणणं हा खरा उपाय, आणि तो या कार्यकारिणीने करावा असं मला मनापासून वाटतं.

मुदतीचंही तसंच. फुकटच्या साध्या खात्यात ठरल्या तारखेला परवानगी आपोआप बंद होण्याची सोय सहसा नसते. ती कोणीतरी हाताने काढावी लागते, आणि विनंतीत तारीखच नसेल तर कधी काढायची हे कोणालाच कळत नाही. फोल्डरच्या किंवा फाइलच्या ‘Share’ खिडकीत गेलं की प्रवेश असलेल्यांची यादी दिसते. त्यात काम केव्हाच संपलेल्यांची नावं असतील, तर त्या परवानग्या तारखेविना दिल्या गेल्या होत्या, असं खुशाल समजावं. कार्यवाहांनी १५ नोव्हेंबरची नोंद आपल्या कॅलेंडरमध्ये केली आहे; १६ तारखेला ‘पत्ते’ या फाइलची यादी त्या स्वतः पाहतील.